फोटोतलं शहाळं: आधी वय ओळखा, मग पाणी बघा

गेल्या महिन्यात मुलुंडहून मावशीचा फोटो आला. ट्यूबलाइटखाली, स्टीलच्या परातीत सहा शहाळी, आणि खाली प्रश्न: "यातली चांगली कुठली गं? आजच घरपोच आलीत." मावशी नुकतीच तापातून उठली होती. डॉक्टरांनी नारळपाणी प्यायला सांगितलं होतं, खाली उतरून हातगाडीपर्यंत जायचं त्राण नव्हतं, म्हणून फोनवरून मागवली. माझं माहेर गुहागरकडचं, घरची नारळाची वाडी, त्यामुळे नारळाचा कसलाही प्रश्न आमच्या घराण्यात माझ्याकडेच येतो.

त्या फोटोवरून मला काहीही सांगता आलं नसतं. सहाही फळं राखाडी दिसत होती. पण पुढच्या तासाभरात आम्ही फोटोवरून फोटो काढत सहाही फळांचा निकाल लावला, आणि त्यात फोटोतून काय कळतं, काय कळत नाही, हे इतकं लख्ख समोर आलं की ते सविस्तर लिहून ठेवते आहे.

वयाचा हिशोब

लोक आधी ग्लासातलं पाणी बघतात आणि तिथेच चुकतात. गढूळ पाणी म्हणजे खराब, नितळ म्हणजे ताजं, असा सरळ हिशोब नारळात चालत नाही. सात महिन्यांच्या शहाळ्याचं पाणी गढूळ असेल तर ती शंका घेण्यासारखी गोष्ट आहे. दहा महिन्यांच्या फळाचं पाणी थोडं गढूळ असणारच. म्हणून फळाचं वय आधी ओळखायचं आणि मगच पाण्याकडे वळायचं.

माडावर फळ धरल्यापासून नारळ पुरता पिकायला 11 ते 12 महिने लागतात. पहिले पाच-सहा महिने फळ आकाराने वाढतं आणि आत नुसतं पाणी भरत जातं. सहाव्या महिन्याच्या सुमारास करवंटीच्या आतल्या अंगाला खळीसारखा पातळ, पारदर्शक थर धरायला लागतो. ती मलईची सुरुवात. सातव्या महिन्याच्या आसपास पाणी सर्वांत जास्त असतं आणि गोडीही तेव्हाच उत्तम. मुंबईत गाडीवाला "पानीवाला दूँ या मलाईवाला?" विचारतो तेव्हा तो सहा-सात आणि सात-आठ महिन्यांच्या फळांमधला फरक सांगत असतो.

त्यानंतर करवंटी कडक व्हायला लागते, मलई घट्ट होऊन तिचं खोबरं होतं, पाणी कमी होत जातं आणि आत हवेची पोकळी तयार होते. नारळ हलवला की खळखळतो तो या पोकळीमुळे. कोवळं शहाळं काठोकाठ, दाबाखाली भरलेलं असतं, त्यामुळे ते हलवलं तरी आवाज येत नाही, आणि कोयत्याचा शेवटचा घाव बसला की पाण्याची चिळकांडी उडते. ती चिळकांडी पाहून "आत गॅस झालाय" म्हणून फळ परत करणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं करू नका, ते फळ उलट उत्तम असतं.

शहाळं आणि नारळ यांच्या मधल्या अवस्थेला आमच्याकडे अडसर म्हणतात. साधारण नऊ-दहा महिन्यांचं फळ, खोबरं धरलेलं पण अजून मऊ. मुंबईत शहाळं म्हणून जे जून फळ गळ्यात पडतं ते बहुतेक वेळा अडसर असतं. सोललेला, शेंडीवाला, तपकिरी नारळ तर कुणीही ओळखेल. खरी गफलत होते ती हिरव्या सालीच्या अडसरात.

रंगाच्या भरवशावर राहू नका

हिरवं म्हणजे कोवळं आणि पिवळं-तपकिरी म्हणजे जून, हा समज दोन्ही बाजूंनी दगा देतो.

कोकणात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या बाणवलीसारख्या उंच जातीची फळं खोबरं चांगलं धरेपर्यंत हिरवीच राहतात. साल तपकिरी होते ती अगदी शेवटी. म्हणजे हिरव्या सालीत सात महिन्यांचं शहाळंही असू शकतं आणि दहा महिन्यांचं अडसरही. उलट काही ठेंगू जातींची फळं लहानपणापासूनच नारिंगी किंवा पिवळी असतात. केरळची चौघाट ऑरेंज ड्वार्फ ही जात तर खास शहाळ्यासाठीच लावली जाते, आणि तिचं कोवळं फळ पिकल्या पपईच्या रंगाचं दिसतं. मावशीच्या परातीत असंच एक होतं. "हे पिकून गेलंय का?" असा तिचा पहिला प्रश्न त्याच्याबद्दलच होता.

तिसरी फसवणूक डागांची. बऱ्याच शहाळ्यांवर देठाजवळच्या टोपीपासून सुरू होऊन खाली उतरलेले, बुचासारखे खरखरीत, तपकिरी, चिरा पडलेले पट्टे असतात. ही कोळ्याची खूण आहे. कोळी म्हणजे इरिओफाईड नावाचा, डोळ्यांना न दिसणारा जीव. तो टोपीखालच्या कोवळ्या भागातला रस शोषतो, आणि फळ वाढत जातं तसा तो ओरखडलेला भाग खाली सरकत मोठा होतो. भारतात हा कोळी पहिल्यांदा 1998 मध्ये केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात नोंदवला गेला आणि मग सगळ्या किनाऱ्यावर पसरला. डाग फार असतील तर फळ लहान आणि वेडंवाकडं होतं, पाणी थोडं कमी भरतं. पण तो डाग सालीचा आहे, त्यावरून ना वय कळतं ना आतलं पाणी. मुंबईत डागाळलेली शहाळी बाजूला सारून गुळगुळीतच हवी म्हणणारं गिऱ्हाईक बरेचदा चांगलं कोवळं फळ सोडून चकचकीत अडसर घेऊन जातं.

टोपीचा फोटो

माझ्या मते न कापलेल्या फळाचा एकच फोटो मागवायचा असेल तर तो टोपीकडून मागवा. देठाजवळ पाकळ्यांसारख्या थरांची जी गोल टोपी असते ती.

कोवळ्या, नुकत्या उतरवलेल्या फळाची टोपी हिरवट-पिवळी, मांसल आणि सालीला घट्ट चिकटलेली असते. तिच्या कडेला लागून फिकट, जवळजवळ पांढरट पट्टा दिसतो. तो फळाचा वाढता भाग. ऊन न लागल्यामुळे आणि अजून वाढत असल्यामुळे तो फिका असतो. फळ जून झालं की वाढ थांबते, पट्टा सालीच्या रंगात मिसळून जातो आणि टोपी सुकून तपकिरी, कागदासारखी होते.

पण इथे एक गुंता आहे. टोपी दोन कारणांनी सुकते: फळ माडावर जून झालं म्हणून, किंवा कोवळंच उतरवलं पण उतरवून बरेच दिवस झाले म्हणून. मुंबईत विकली जाणारी शहाळी मोठ्या प्रमाणावर कर्नाटकातून, मद्दूरच्या बाजारातून ट्रकने येतात. आपल्या हातात पडेपर्यंत काही दिवस सहज गेलेले असतात. तेव्हा सुकलेल्या टोपीवरून लगेच "जून आहे" म्हणू नये. अशा वेळी सालीकडे बघा. माडावर जून झालेल्या फळाची साल निस्तेज असली तरी ताठ असते, आणि फळाच्या तीन धारा हाताला लागतील इतक्या उठून दिसतात. उतरवून दिवस झालेल्या कोवळ्या फळाची साल मात्र पाणी आटल्यामुळे सुरकुतते, विशेषतः टोपीच्या आजूबाजूला, जुन्या लिंबासारखी. फोटोत ही सुरकुती बाजूने येणाऱ्या उजेडातच दिसते. समोरून फ्लॅश मारला की ती सपाट होऊन नाहीशी होते.

फोटो कसा काढायला सांगायचा

मावशीला मी सांगितलं ते तसंच देते: "परात बाल्कनीत ने, दिवे बंद कर, फ्लॅश नको. खाली पांढरा कागद किंवा पेपर पसर. एकेक शहाळं आडवं ठेव, टोपी माझ्याकडे. बाजूला दहाचं नाणं ठेव. आणि पाठवताना एचडीवर टिचकी मार."

कागद यासाठी की फोटोतला पांढरा रंग खरोखर पांढरा आला आहे का हे मला बघता यावं. ट्यूबलाइटखाली सगळं हिरवट-राखाडी होतं, पिवळ्या बल्बखाली प्रत्येक शहाळं जून दिसतं. रस्त्यावरच्या गाडीवर काढलेल्या फोटोत तर वरच्या निळ्या ताडपत्रीचा रंग फळांवर, पाण्यावर, विकणाऱ्याच्या बनियनवर, सगळीकडे उतरलेला असतो. फोटोत कुठेतरी पांढरं काही असेल तर डोळा आपोआप तेवढा रंग वजा करतो. नाणं आकारासाठी. एचडी यासाठी की दाबून लहान केलेल्या फोटोत टोपीच्या कडेचा फिका पट्टा आणि सालीवरच्या बारीक चिरा सगळ्यात आधी पुसल्या जातात.

आणि एक काम फोटोने होणारच नाही, ते समोरच्या माणसाकडून करून घ्यायचं: फळ कानाशी धरून हलवायचं. तीन सेकंदांचं काम आहे.

मावशीचे नवे फोटो आले. पहिली दोन हिरवी, घट्ट टोपी, फिका पट्टा, आवाज नाही. शहाळी. तिसऱ्यावर कोळ्याचे मोठे पट्टे, पण टोपी हिरवट आणि आवाज नाही. तेही शहाळं. चौथं नारिंगी, टोपी ताजी, आवाज नाही. शहाळंच. पाचवं हिरवं पण निस्तेज, टोपी तपकिरी, फिका पट्टा नाही, धारा उठलेल्या, आणि मावशीचा निरोप: "हे डुबुक डुबुक वाजतंय." अडसर, असं मी लिहिलं.

सहावं फळ वेगळं होतं. वरची हिरवी साल तासलेली, खाली सपाट, वर टोकदार, अंगावर प्लॅस्टिकची पातळ झिल्ली. त्याला टोपीच नव्हती.

कापलेला भाग खोटं कमी बोलतो

फळ कापलेलं असेल तर टोपीची गरज उरत नाही. सोडणाचा, म्हणजे साल आणि करवंटी यांच्या मधल्या जाड थराचा, काप बघा. कोवळ्या शहाळ्याचं सोडण पांढरं, ओलसर, काकडीसारखं कापलं जातं. त्यात धागे दिसत नाहीत आणि कोयत्याच्या घावाची धार स्वच्छ उमटते. करवंटी पांढरट-पिवळसर, इतकी मऊ की कोयता तिलाही तसाच चिरत जातो. अडसराच्या सोडणात काथ्याचे धागे दिसायला लागतात आणि करवंटी फिकट तपकिरी होऊन घावाला कपच्या उडवते. पक्क्या नारळाचं सोडण कापलं जातच नाही, ते ओढून सोलावं लागतं, आणि धागे लोंबतात.

आतली मलईही तेच सांगते. पारदर्शक, चमच्याने निसटणारी असेल तर फळ कोवळं. पांढरी, मऊ, चमच्याने पदर सुटणारी असेल तर मलईवालं शहाळं. करवंटीला धरून बसलेली, सुरीने काढावी लागणारी, पाठीला तपकिरी पापुद्रा धरू लागलेली असेल तर शहाळ्याचे दिवस संपले.

सोडणाचा काप आणखी एक गोष्ट सांगतो, ती म्हणजे फळ कधी कापलं. पांढरं सोडण हवेत उघडं पडलं की सफरचंदासारखं लाल-तपकिरी व्हायला लागतं. गाडीवर नुकतं कापलेलं फळ पांढरं दिसतं, सकाळी कापून ठेवलेलं दुपारपर्यंत गुलाबी-तांबूस होतं. फोटोतलं सोडण तपकिरी आणि विकणारा म्हणतो "आत्ताच कापलं", तर दोघांपैकी सोडणावर विश्वास ठेवा.

मात्र झिल्लीतल्या तासलेल्या शहाळ्यात हे घड्याळ बंद पडलेलं असतं. अशी फळं तासल्यावर सायट्रिक ॲसिड आणि पोटॅशियम मेटाबायसल्फाईटच्या पाण्यात काही मिनिटं बुडवतात, म्हणजे सोडण काळं पडत नाही, आणि मग थंडीत ठेवतात. पद्धत चांगली आहे. थंडीची साखळी तुटली नाही तर फळ बरेच दिवस टिकतं. अडचण इतकीच की ते आजचं असो की पंधरा दिवसांपूर्वीचं, फोटोत सारखंच पांढरं दिसतं. तिथे लेबलवरची तारीख बघायची, आणि फळ आलं तेव्हा थंड होतं की नाही हे विचारायचं. मावशी म्हणाली, "थंड कसलं, गरमच होतं पिशवीत." मग मी झिल्लीच्या आतला फोटो जवळून मागवला. खालच्या बाजूला, जिथे फळ टेकवून ठेवतात तिथे, मोहरीएवढा काळसर ओला ठिपका होता.

आता पाणी

खालच्या भाजीवाल्याने कोयता चालवला आणि मावशीने पहिलं, पाचवं आणि सहावं अशी तीन फळं वेगवेगळ्या ग्लासांत ओतली. पाण्याचा फोटो काढायची माझी पद्धत अशी: बिननक्षीचा, पारदर्शक काचेचा ग्लास. स्टीलचा नको, रंगीत नको. ग्लासामागे वर्तमानपत्र उभं धरायचं, आणि ग्लासातून अक्षरं वाचता येतील असा फोटो. ओतल्या ओतल्या एक, आणि पाच मिनिटं ग्लास न हलवता दुसरा.

दोन फोटो लागतात, कारण ओतल्यावर प्रत्येक पाण्यावर फेस आणि बुडबुडे येतात. ताज्या पाण्याचा फेस दोन-तीन मिनिटांत विरतो. आंबायला लागलेल्या पाण्यात बुडबुडे तळातून येतच राहतात आणि काठाला फेसाची कडी टिकून राहते. तसंच गढूळपणाचं. मलईचे किंवा सोडणाचे कण असतील तर ते पाच मिनिटांत तळाला बसतात किंवा वर तरंगतात आणि मधलं पाणी निवळतं. जंतू वाढल्यामुळे आलेला गढूळपणा सगळीकडे सारखा पसरलेला असतो आणि बसत नाही.

पहिल्या ग्लासातून पेपरातला बारीक मजकूरसुद्धा वाचता येत होता. सात महिन्यांच्या फळाचं पाणी असंच हवं.

पाचव्या ग्लासातून फक्त मथळा वाचता येत होता, पाणी तांदळाच्या पहिल्या धुवणापेक्षा थोडं पातळ. मावशीने घाबरून लिहिलं, "हे नासलंय गं." पण आम्हाला वय माहीत होतं. करवंटी तपकिरी, खोबरं धरलेलं, म्हणजे अडसर. जून होत जाणाऱ्या फळाच्या पाण्यात खोबऱ्यातली स्निग्धता आणि प्रथिनं थोडी उतरतात, त्यामुळे ते किंचित दुधाळ दिसतं. पाच मिनिटांनंतरच्या फोटोत नवा बुडबुडा नव्हता, फेसाची कडी नव्हती. मग मी तिला वास घ्यायला सांगितलं. आंबट नाही, दारूसारखा नाही, ओल्या खोबऱ्याचा. पाणी चांगलं होतं, फक्त कमी गोड. हाच गढूळपणा पहिल्या ग्लासात दिसला असता तर मी ते बेसिनमध्ये ओतायला सांगितलं असतं.

रंगाबद्दल थोडं. नारळाच्या पाण्यात असे घटक असतात की हवा लागल्यावर ते पाण्याला आधी फिकट गुलाबी, मग पिवळसर-तपकिरी करतात. सफरचंद कापल्यावर होतं तेच. गुलाबी पाणी म्हणजे विष नव्हे, पण बाटलीत भरून विकलेलं पाणी गुलाबी दिसलं तर ते काढून वेळ झाला आहे एवढं नक्की. आणि न कापलेल्या फळातूनच गुलाबी पाणी निघालं, तर आत हवा कुठून गेली, हा प्रश्न विचारायला हवा. बहुतेक वेळा कुठेतरी केसासारखी चीर सापडते. ग्लासाचा फोटो पिवळ्या दिव्याखाली असेल तर या रंगाबद्दल काहीही बोलू नका.

सहावा ग्लास

सहाव्या फळाचं पाणी नितळ होतं. पेपरातल्या छोट्या जाहिरातीही वाचता येत होत्या. नुसत्या ग्लासाचा फोटो आला असता तर मी "पी" म्हटलं असतं.

पण तो काळा ठिपका डोक्यातून जात नव्हता. मी फळ उभं दोन भाग करून आतला फोटो पाठवायला सांगितलं. ठिपक्याच्या बरोबर आतल्या बाजूला मलईवर रुपयाएवढा राखाडी-जांभळट डाग होता आणि तो भाग ओला, चकाकणारा, बुळबुळीत दिसत होता. वास "थोडा मातीसारखा" होता असं ती म्हणाली. ओतून टाक, म्हटलं.

"अगं, पण पाणी स्वच्छ दिसतंय. एक घोट चाखून बघू?"

इथे मी फोनच केला. काही वर्षांपूर्वी डेन्मार्कमध्ये 69 वर्षांच्या एका गृहस्थांच्या घरी असंच तासलेलं, प्यायला तयार केलेलं शहाळं होतं. फ्रीजमध्ये ठेवायच्या जातीचं, पण ते महिनाभर स्वयंपाकघरात बाहेर राहिलं. त्यांनी थोडंसंच पाणी घेतलं. चव घाण लागली म्हणून थांबले, फळ फोडून बघितलं तर आत बुळबुळीत आणि कुजलेलं. काही तासांत घाम, मळमळ, उलट्या, मग गोंधळल्यासारखं वागणं, आणि इस्पितळात दाखल केल्यावर साधारण दिवसभराने ते गेले. आतल्या बुरशीने 3-नायट्रोप्रोपियॉनिक ॲसिड नावाचं विष तयार केलं होतं. अशी घटना फार दुर्मीळ, पण तिच्यातून माझ्यासारखीला उपयोगी एवढं कळतं की सोडण तासलं की फळाचं चिलखत जातं. सोडण शाबूत असलेलं शहाळं सावलीत काही दिवस निभावतं, तासलेलं फ्रीजबाहेर निभावत नाही. आणि चव घेऊन खात्री करायची पद्धत अशा फळाला लावायची नाही.

फोटोची हद्दही इथेच येते. फोटो वय बऱ्यापैकी सांगतो, कधी कापलं ते बहुधा सांगतो, आणि उघड बिघाड दाखवतो. वास, आंबटपणा आणि पाण्यात नुकती सुरू झालेली जंतूंची वाढ तो दाखवत नाही. गाडीवाल्याने गलिच्छ सुरीने भोक पाडलेलं किंवा न उकळलेल्या पाण्याचा बर्फ घातलेलं नारळपाणी फोटोत देखणंच येतं. म्हणून फोटोवरून "हे पिऊ नकोस" हे ठामपणे सांगता येतं, "हे बिनधास्त पी" हे मात्र वास घेतल्याशिवाय मी कुणाला सांगत नाही. काढलेलं पाणी लगेच प्यावं, फारच गरज पडली तर झाकून फ्रीजमध्ये आणि त्याच दिवशी. बाटलीत भरून लोकलने ऑफिसला नेलेलं पाणी दुपारी मी पीत नाही, दिसायला कसंही असो.

मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांसाठी ताजं-शिळं हा प्रश्न नंतरचा. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं.

मावशीने त्या संध्याकाळी पहिल्या फळाचं पाणी घेतलं, उरलेली तीन न कापता बाल्कनीच्या सावलीत ठेवली आणि रोज एक संपवलं. अडसराचं खोबरं तिने गुळाबरोबर खाल्लं. सहाव्याचे फोटो तिने विकणाऱ्यांना पाठवले, तेव्हा त्यांनी उलट विचारलं की पाण्याचा फोटो तर स्वच्छ दिसतोय, तक्रार कसली? मग तिने मलईवरच्या डागाचा फोटो पाठवला, खाली पांढरा कागद, बाजूला दहाचं नाणं. पैसे परत आले.